फोनचा एसएआर आकडा: तो कसा मोजतात आणि फोन घेताना बघायचा का?

१२ सप्टेंबर २०२३ रोजी फ्रान्समधल्या एएनएफआर या रेडिओलहरींवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं अ‍ॅपलला आयफोन १२ ची विक्री थांबवायला सांगितलं. फोनचा एसएआर, म्हणजे फोनच्या लहरींची किती ऊर्जा शरीरात जिरते ते सांगणारा आकडा, ५.७४ भरला होता आणि मर्यादा होती ४. बातमी जगभर गेली. लोकांनी आपापल्या फोनचे आकडे शोधायला सुरुवात केली आणि 'माझा १.१८ आहे, तुझा ०.८ आहे, म्हणजे तुझा चांगला' अशी तुलना घरोघरी झाली.

बातमीतला एक तपशील मात्र मागे पडला. त्याच संस्थेनं, त्याच सुमारास, त्याच मॉडेलची आणखी एक एसएआर चाचणी केली होती आणि तिच्यात हा फोन पास झाला होता. एकच फोन एका चाचणीत नापास आणि दुसऱ्या चाचणीत पास कसा होतो, हे कळलं की खोक्यावरच्या आकड्याचं काय करायचं तेही कळतं. त्यासाठी आधी तो आकडा जन्माला कसा येतो ते पाहावं लागेल.

## एसएआर म्हणजे काय

फोन टॉवरशी बोलतो तेव्हा अँटेनातून रेडिओलहरी बाहेर पडतात. फोन डोक्याशी किंवा अंगाशी असेल तर त्यातली काही ऊर्जा शरीरात शिरते आणि तिथं तिची उष्णता होते. एक किलो ऊतीत दर सेकंदाला किती ऊर्जा जिरते, तो दर म्हणजे एसएआर. मराठीत त्याला 'विशिष्ट शोषण दर' म्हणता येईल. एकक आहे वॅट प्रति किलो.

इथे एक गैरसमज लगेच दूर करायला हवा. एसएआर म्हणजे फोनमधून बाहेर पडणारं 'रेडिएशन' नव्हे. शरीराच्या एका छोट्याशा भागात किती जिरलं, ते हा आकडा सांगतो. तोच फोन तीन सेंटिमीटर दूर धरला की बाहेर पडणाऱ्या लहरी तितक्याच असतात, पण एसएआर खूप खाली येतो. म्हणजे हा आकडा एकट्या फोनचा गुणधर्म नाही. फोन, शरीर आणि त्यांच्यातलं अंतर या तिघांचा मिळून तो बनतो.

'छोटासा भाग' म्हणजे नेमका किती, यावर जगात दोन पद्धती आहेत. अमेरिकेत एक ग्रॅम ऊतीची सरासरी घेतात आणि मर्यादा १.६ आहे. भारतानंही १ सप्टेंबर २०१२ पासून हीच मर्यादा घेतली. युरोपात दहा ग्रॅमची सरासरी घेतात. डोकं आणि धड यांसाठी मर्यादा २, हातपायांसाठी ४. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक सेंटिमीटर बाजूचा घन, दहा ग्रॅम म्हणजे सव्वादोन सेंटिमीटरच्या आतबाहेर बाजूचा.

टेबलावर दिवा लावला आहे असं समजा. त्याच्या बरोबर खाली तिकिटाएवढा कागद ठेवला तर त्यावर सरासरी उजेड जास्त पडेल. वहीएवढा कागद ठेवला तर कडेचा अंधुक भागही हिशोबात येतो आणि सरासरी उतरते. दिवा तोच. तसंच एकाच फोनचा एक ग्रॅमचा आकडा दहा ग्रॅमच्या आकड्यापेक्षा सहसा बराच मोठा येतो. अमेरिकी खोक्यावरचा १.१ आणि युरोपी खोक्यावरचा ०.८ शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे एकाचं वजन पौंडात आणि दुसऱ्याचं किलोत घेऊन कोण जाड ते ठरवणं.

## मर्यादा कुठून आली

आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा पाया तापमान हा आहे. डोक्याच्या किंवा धडाच्या एखाद्या भागाचं तापमान २ अंश सेल्सिअसनं वाढवायला साधारण २० वॅट प्रति किलो लागतात, असं त्यांत धरलं आहे. त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे २, ही सामान्य लोकांसाठीची मर्यादा.

हा हिशोब कागदावर करून पाहता येतो. एक किलो ऊती एक अंशानं तापवायला साधारण ३५०० जूल लागतात. मर्यादेवर, म्हणजे २ वॅट प्रति किलोनं, सहा मिनिटं सलग ऊर्जा दिली तर २ गुणिले ३६० सेकंद, म्हणजे ७२० जूल होतात. भागाकार केला की ०.२ अंश. तेही रक्त वाहतच नाही असं धरून. प्रत्यक्षात वाहतं रक्त उष्णता सतत दूर नेत असतं. लांबलचक बोलल्यावर कान गरम लागतो त्याचं मुख्य कारण वेगळं असतं: तापलेली बॅटरी, तापलेली चिप आणि कानाला चिकटलेली काच, जी हवा लागू देत नाही.

## साखरपाण्यानं भरलेलं डोकं

जिवंत माणसाच्या डोक्यात प्रोब, म्हणजे मोजणारी सळई, घालता येत नाही, म्हणून प्रयोगशाळेत एक साचा वापरतात. त्याला फँटम म्हणतात. एक लांबट टाकी असते. तिच्या तळात माणसाच्या डोक्याची डावी बाजू आणि उजवी बाजू आडवी कोरलेली असते, मधला भाग सपाट असतो. कवच फायबरग्लासचं, जेमतेम २ मिलिमीटर जाड. वरून टाकी उघडी. फोन खालून, साच्याच्या कानाला लावून, प्लास्टिकच्या धारकात पकडतात. धातूचा धारक चालत नाही, कारण धातूनं लहरींची वाटच बदलते.

साच्यातल्या डोक्याचं माप अमेरिकी लष्करातल्या पुरुषांच्या मोजमापांवरून घेतलं आहे आणि ते मोठ्या डोक्याचं आहे. शंभरातल्या नव्वद जणांची डोकी त्याहून लहान निघतील. कानाच्या जागी फक्त ६ मिलिमीटरचं अंतर ठेवलेलं असतं, दाबून चपटा झालेला कान समजून.

टाकीत किमान १५ सेंटिमीटर खोल द्रव भरतात. या द्रवाचं काम एकच: विजेच्या दृष्टीनं डोक्यासारखं वागणं. ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या चाचणीसाठी प्रचलित पाककृती म्हणजे पाणी, साखर, थोडं मीठ, घट्टपणासाठी सेल्युलोज आणि बुरशी-जंतू वाढू नयेत म्हणून जंतुनाशक. वजनानं निम्म्याहून जास्त साखरच असते. साखर पाण्याची 'परवैद्युतता' खाली आणते, म्हणजे विद्युतक्षेत्राला पाण्याचा जो जबर प्रतिसाद असतो तो डोक्याच्या पातळीवर आणते. मीठ वाहकता वाढवतं. त्याहून वरच्या फ्रीक्वेन्सींना साखरेऐवजी ग्लायकॉलच्या जातीची रसायनं वापरतात.

हा द्रव नीट सांभाळावा लागतो. पाणी उडालं की प्रमाण बदलतं, तापमान बदललं की वाहकता बदलते. म्हणून मोजणीआधी द्रवाचे गुणधर्म तपासतात आणि खोलीचं तापमान १८ ते २५ अंशांत ठेवतात. कानाच्या खोबणीत हवेचा बुडबुडा अडकला तर नेमका जिथं कमाल आकडा यायचा तिथंच आकडा चुकतो. म्हणून तिथं आधी बघून बुडबुडा काढावा लागतो.

## रोबो, प्रोब आणि शेवटचे काही मिलिमीटर

वरून, रोबोच्या हाताला लावलेला एक बारीक प्रोब द्रवात उतरतो. त्याच्या टोकात एकमेकींशी काटकोनात असलेल्या तीन चिमुकल्या अँटेना असतात. त्या प्रत्येक बिंदूवर विद्युतक्षेत्र मोजतात आणि त्यावरून एसएआर काढतात:

```
SAR = σ × E² / ρ
```

σ ही द्रवाची वाहकता, E हे विद्युतक्षेत्र, ρ ही घनता. ९०० मेगाहर्ट्झच्या द्रवाची वाहकता ०.९७ सीमेन्स प्रति मीटर असते आणि घनता १००० किलो प्रति घनमीटर धरतात. प्रोबनं ३२ व्होल्ट प्रति मीटर दाखवले तर ३२ चा वर्ग १०२४, गुणिले ०.९७, भागिले १०००, म्हणजे जवळजवळ १ वॅट प्रति किलो. त्या वर्गाकडे नीट बघा. क्षेत्र मोजताना १० टक्क्यांची चूक झाली तर उत्तरात २१ टक्क्यांची होते. पुढे आकड्यांची तुलना करताना हे कामाला येईल.

मोजणीचा क्रम असा. फोनची बॅटरी पूर्ण भरून घेतात, चार्जरची वायर काढून ठेवतात, कारण वायर स्वतःच अँटेनासारखी वागते. टॉवरचं सोंग घेणारं एक यंत्र फोनशी जोडणी करतं आणि त्याला हुकूम देतं: पूर्ण ताकदीनं बोलत राहा. ४जी फोनसाठी ही ताकद साधारण २०० मिलिवॅट असते. प्रोब एका बिंदूवर सुरुवातीचं माप घेतो. मग दर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर थांबत साच्याच्या आतल्या पृष्ठभागावरून फिरतो आणि गरम ठिपका शोधतो. ठिपका सापडला की त्याच्याभोवती साधारण ३ सेंटिमीटरच्या घनात काही मिलिमीटरच्या अंतरांनी पुन्हा मोजतो. शेवटी पहिल्या बिंदूवर परत येऊन तेच माप घेतो. दोन्हींत ५ टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर मधल्या वेळात फोनची ताकद हलली असं समजून ती मोजणी पुन्हा करतात.

यात एक अडचण आहे. एसएआर सर्वांत जास्त असतो तो अगदी कवचाला लागून, आणि प्रोब तिथं पोचू शकत नाही. त्याच्या अँटेना टोकापासून थोड्या आत असतात आणि भिंतीच्या फार जवळ गेलं की भिंतच मोजणी बिघडवते. म्हणून आत मोजलेल्या बिंदूंवरून रेघ पुढे ओढत शेवटच्या काही मिलिमीटरांचा आकडा गणितानं काढतात. फोनच्या माहितीत दिसणारा कमाल आकडा हा असा अर्धा मोजलेला, अर्धा गणितानं पुढे नेलेला असतो.

यात फसवणूक काही नाही, पद्धत उघड आहे आणि खात्रीसाठी माहीत असलेल्या ताकदीच्या प्रमाणित अँटेनावर आधी सगळी यंत्रणा तपासून घेतात. पण अनिश्चितता राहतेच. प्रोबचं अंशांकन, द्रव, फोनची ठेवण, साच्याचा आकार या सगळ्यांची मिळून अनिश्चितता ३० टक्क्यांपर्यंत असली तरी मानकांना ती मान्य आहे. चांगल्या प्रयोगशाळाही साधारण २० टक्क्यांच्या आसपासच असतात.

## शंभर मापं, खोक्यावर एक

हे सगळं एकदा करून भागत नाही. फोन गालाला टेकवून एकदा, १५ अंश तिरका करून एकदा. डाव्या बाजूला, उजव्या बाजूला. फोन चालतो त्या प्रत्येक फ्रीक्वेन्सी पट्ट्यात, गरजेनुसार खालच्या, मधल्या आणि वरच्या चॅनेलवर. मग वायफाय. मग सपाट भागावर, खिशात असल्यासारखा, पाठ आणि पोट दोन्ही बाजूंनी. आजच्या फोनचा चाचणी अहवाल शेकडो पानांचा असतो.

त्यातला सर्वांत मोठा आकडा उचलून डोक्यासाठी एक आणि शरीरासाठी एक असे जाहीर करतात. बाकीचे अहवालातच राहतात.

शरीराच्या आकड्यात आणखी एक गोष्ट दडलेली असते: अंतर. युरोपात आता ही चाचणी जास्तीत जास्त ५ मिलिमीटर अंतरावरून करतात. अमेरिकी पद्धतीत अंगावर बाळगण्याच्या चाचणीत हे अंतर १५ मिलिमीटरपर्यंत असू शकतं. फोन अंगाच्या इतका जवळ असताना एकेका मिलिमीटरनं आकडा हलतो. माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं अंतर वाचल्याशिवाय शरीराचा आकडा वाचल्यासारखा होतच नाही.

## आता आयफोन १२ चं कोडं

एएनएफआरनं दोन चाचण्या केल्या होत्या. एक धडाची, ५ मिलिमीटरवरून, फोन जॅकेटच्या खिशात किंवा बॅगेत असल्यासारखा. तिच्यात तो मर्यादेत होता. दुसरी हातपायांची, शून्य अंतरावरून, फोन मुठीत किंवा पँटच्या खिशात असल्यासारखा. तिच्यात ५.७४ आला.

त्या ५ मिलिमीटरांनी काय फरक पडतो ते इथे दिसतं, पण गोष्ट तेवढीच नव्हती. आजच्या फोनांत जवळीक ओळखणारी सोय असते. फोन अंगाजवळ आहे असं वाटलं की तो स्वतःची कमाल ताकद खाली आणतो. टेबलावर निश्चल पडलेला आहे असं वाटलं की ताकद थोडी वाढवू देतो. अ‍ॅपलचं म्हणणं असं होतं की प्रयोगशाळेत धारकात पकडलेला, अजिबात न हलणारा फोन स्वतःला टेबलावर समजतो, आणि फ्रेंच चाचणीनं ही सोय लक्षात घेतली नाही. एएनएफआरचा मुद्दा उलटा आणि माझ्या मते रास्त होता: फोन अंगाला टेकलेला असताना मर्यादा ओलांडायची नाही, फोनचं स्वतःबद्दल काहीही मत असो.

उपाय सॉफ्टवेअरचा निघाला. फ्रान्समधल्या आयफोन १२ ना अपडेट देऊन 'टेबलावर आहे, ताकद वाढव' ही सवलत काढली. त्याची किंमत अ‍ॅपलनं स्वतःच सांगितली: सिग्नल कमजोर असलेल्या जागी, फोन अंगापासून दूर असताना, जोडणी किंचित कमी चांगली वाटू शकते. फोनचा एकही भाग न बदलता एसएआर उतरला, कारण ताकद उतरली.

## मग कमी आकड्याचा फोन घेतलेला बरा ना?

हा आक्षेप सर्वांत स्वाभाविक आहे. आकड्यावर विश्वास असो-नसो, कमी ते चांगलं, त्यात तोटा काय? एक कल्पित उदाहरण पायरीपायरीनं सोडवू.

फोन 'क' चा डोक्याचा आकडा १.१९. फोन 'ख' चा ०.८७. दोन्ही एक ग्रॅमचे, म्हणजे निदान एकक सारखं. मोजणीची अनिश्चितता २० टक्के धरली तर 'क' ०.९५ ते १.४३ मध्ये कुठंही असू शकतो आणि 'ख' ०.७० ते १.०४ मध्ये. दोन्ही पट्टे एकमेकांत शिरलेले आहेत. फरक खरा असेलही, पण तो आकडे सुचवतात तितका पक्का नाही.

आता अहवाल उघडू. 'क' चा १.१९ आला तो १९०० मेगाहर्ट्झला, डाव्या गालावर. तुमचं नेटवर्क ज्या पट्ट्यावर चालतं तिथं त्याचा आकडा ०.५० आहे. 'ख' चा ०.८७ इतर पट्ट्यांतही जवळजवळ तसाच आहे. तुमच्या पट्ट्यावर ०.८५. जाहीर आकड्यानं जो 'वाईट' होता तो तुमच्यासाठी आत्ताच पुढे गेला.

खरी गंमत पुढे आहे. हे सगळे आकडे २०० मिलिवॅटच्या पूर्ण ताकदीचे आहेत, आणि रोजच्या वापरात फोन क्वचितच तेवढ्या जोरानं बोलतो. टॉवर त्याला सतत सांगत असतो: एवढं पुरे, आवाज कमी कर. ३जीत ही सूचना सेकंदाला १५०० वेळा जाते. ऐकू येण्यापुरतंच बोलायचं, हा नियम आहे. बॅटरी वाचते आणि इतरांच्या संभाषणात गोंगाट होत नाही. किती जोर लागेल हे अँटेनावर अवलंबून असतं. समजा 'क' ची अँटेना चांगली आहे, हातात धरल्यावरही फारशी झाकली जात नाही, आणि तुमच्या घरात त्याचं २० मिलिवॅटमध्ये भागतं. 'ख' ला तिथंच ६० लागतात. एसएआर ताकदीच्या प्रमाणात बदलतो. 'क': ०.५० चा दहावा हिस्सा, ०.०५. 'ख': ०.८५ गुणिले ६०, भागिले २००, म्हणजे ०.२६ च्या जवळ.

खोक्यावर कमी आकडा असलेला फोन तुमच्या कानाशी पाचपट ऊर्जा देतो आहे. आकडे मी बसवलेले आहेत, पण तिन्ही पायऱ्या प्रत्यक्षात घडणाऱ्या आहेत. कमी आकडा मिळवायचा एक सोपा मार्ग म्हणजे फोनची कमाल ताकद कमी ठेवणं, आणि त्यानं फोन चांगला ठरत नाही. अमेरिकेचं संचार आयोगही, म्हणजे एफसीसी, ग्राहकांना हेच सांगतं: एका जाहीर कमाल आकड्यावरून रोजच्या वापरातल्या शोषणाची तुलना करता येत नाही.

## लहान मुलांचं काय? साचा तर मोठ्या माणसाचा आहे

आक्षेप खरा आहे आणि तो 'काळजी नको' म्हणून झटकू नये. साचा मोठा निवडण्यामागचं कारण असं की द्रव सगळीकडे सारखा असलेल्या मोठ्या डोक्यात, चपट्या कानासह, कमाल आकडा सहसा चढाच येतो. कमाल घनाच्या हिशोबात ते बऱ्यापैकी खरं आहे. पण एकसंध द्रवात मेंदू, कवटी, मज्जा असे भाग नसतात. मुलांचा कान पातळ, कवटी पातळ, ऊतींत पाणी जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०११ मध्ये नोंदवलं होतं की मुलांच्या मेंदूत सरासरी शोषण मोठ्यांच्या दुप्पट आणि कवटीच्या मज्जेत दहापटीपर्यंत असू शकतं.

खरेदीपुरतं मात्र याचा उपयोग होत नाही, कारण ही कमतरता सगळ्याच फोनच्या आकड्यांत सारखी आहे. ०.९ चा फोन १.२ च्या फोनपेक्षा मुलासाठी बरा, असं त्यातून निघत नाही. मुलासाठी अंतराचा उपाय कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा आहे: स्पीकरवर बोलणं किंवा वायरचा हेडफोन.

## आणि कॅन्सर?

२०११ मध्ये त्याच कर्करोग संशोधन संस्थेनं रेडिओलहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या २ब गटात ठेवलं. म्हणजे पुरावा तोकडा होता, पण दुर्लक्ष करावं असाही नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेनं करवून घेतलेला आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा आढावा मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांच्यात संबंध दाखवत नाही.

आपल्या प्रश्नापुरता मुद्दा वेगळा आहे. एसएआरची मर्यादा उष्णतेपासून संरक्षण म्हणून आखली आहे. उष्णतेशिवाय दुसरा काही परिणाम असेलच, तर तो एसएआरच्या प्रमाणात वाढतो हेही कुणी दाखवलेलं नाही. ज्याला ती भीती आहे त्यालाही कमी आकडा दिलासा देऊ शकत नाही.

## फोन घेताना प्रत्यक्ष काय बघायचं

एसएआर म्हणजे काठावर पास होण्याची परीक्षा आहे, क्रमवारी नव्हे. विकत घेताना त्याचा एकच प्रश्न विचारायचा: फोन जिथं विकला जातो तिथली अधिकृत चाचणी त्यानं पार केली आहे का. भारतात विकलेल्या फोनवर डायलरमध्ये `*#07#` टाकलं की बहुतेकदा आकडा दिसतो. आयफोनवर तो `Settings > General > Legal & Regulatory > RF Exposure` इथं असतो. आकडा मिळत नाही, कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल सापडत नाही, खोक्यावरचा मॉडेल क्रमांक आणि फोनमधला क्रमांक जुळत नाही, असं असेल तर तो फोन घेऊ नये. बनावट फोनला कुणी साखरपाण्यात मोजलेलं नसतं.

मॉडेल क्रमांकाचा आणखी एक उपयोग आहे. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या पट्ट्यांसह येतो. दुसऱ्या देशातून आणलेल्या फोनमध्ये तुमच्या नेटवर्कचा मुख्य पट्टाच नसेल, तर तो कमजोर सिग्नलवर चालेल, वरच्या ताकदीनं बोलेल आणि बॅटरीही संपवेल. म्हणून घेण्याआधी पट्ट्यांची यादी ताडून बघा. ज्या घरात नेटवर्क जेमतेम असतं तिथं वायफायवरून कॉल करण्याची सोय आहे का, तेही बघा. वायफायची ताकद सहसा कमी असते आणि राउटर जवळ असतो.

५जीच्या सहा गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरींसाठी एसएआर हे मोजमापच वापरत नाहीत. तिथं ऊर्जा त्वचेच्या वरच्या थरातच अडते, म्हणून पृष्ठभागावर किती ऊर्जा पडते ते मोजतात. तो आकडा एसएआरशी ताडू नका.

फोन घेतल्यावर 'रेडिएशन शोषणारा' स्टिकर चिकटवू नका. तो एकतर काहीच करत नाही, किंवा अँटेनाचा काही भाग झाकतो. झाकला की टॉवरला फोनचा आवाज दबका ऐकू येतो, टॉवर 'जोरात बोल' म्हणतो आणि फोन ताकद वाढवतो. पाठीवर धातूचा पत्रा असलेल्या जाड कव्हरचंही तेच. आपल्या कव्हरमुळे असं होतंय का ते घरीच कळतं: सिग्नल कमजोर असलेल्या एकाच जागी, कव्हरसह आणि कव्हरशिवाय, सेटिंगमधल्या सिम स्टेटसमध्ये दिसणारा सिग्नलचा डीबीएम आकडा पाच-सहा वेळा टिपून घ्या. हा आकडा ३ नं खाली गेला की सिग्नल निम्मा होतो. कव्हर घातल्यावर -१०० चा -१०६ होत असेल, तर तीच जोडणी टिकवायला फोनला जवळजवळ चौपट ताकद लावावी लागते आहे.